मदत हवी आहे: कोयना भूकंपावरील लेखाचे उपमथळे आणि पुलकोट

कृष्णाकाठ
आमच्या त्रैमासिकासाठी ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपावर एक दीर्घ लेख आला आहे. लेखक भूशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक आहेत. त्यांचे म्हणणे असे, की १९६२ पासून जलाशय भरू लागल्यावर परिसरातले लहान धक्के वाढले व पुढे मोठा भूकंप झाला हे खरे. मात्र त्याला लागणारा ताण खडकातल्या भेगेत आधीपासूनच साठलेला होता, आणि जलाशयाचा भार व खोलवर झिरपलेल्या पाण्याचा दाब यांनी तो मोकळा होण्याचे निमित्त पुरवले.

मी काढलेले उपमथळे असे आहेत: ‘पहाटेचा हाहाकार’, ‘धरण भरले, जमीन हादरली’, ‘धरणाचाच दोष’, ‘आजही धक्के सुरूच’. लेखातून उचलून चौकटीत ठळक द्यायचा पुलकोट असा: ‘धरण नसते तर हा भूकंप झाला नसता.’ लेखकांचा आक्षेप आहे, की केवळ पान चाळणारा वाचक नेमका उलटा समज घेऊन उठेल. मांडणीकार उपमथळ्याला पाचपेक्षा जास्त शब्द द्यायला तयार नाहीत. यातून मार्ग कसा काढावा?

दिवेलागण
तिसऱ्या उपमथळ्यापुढे प्रश्नचिन्ह टाका. ‘धरणाचाच दोष?’ असे म्हटले की आपण काहीच ठामपणे सांगत नाही आणि वाचकाची उत्सुकताही टिकते.

जुना उपसंपादक
लेखातच उत्तर नसेल तर प्रश्नार्थक उपमथळा प्रामाणिक ठरतो, इतपत दिवेलागण यांचे बरोबर आहे. येथे लेखक उत्तर देत आहेत. चाळणाऱ्याच्या मनात प्रश्नचिन्ह राहत नाही, ‘दोष’ हा शब्द तेवढा राहतो. त्यापेक्षा ‘ताण आधीचा, निमित्त पाण्याचे’ हे चार शब्द पाहा. त्या भागाचा निष्कर्षच त्यात आला आहे. ‘धरण भरले, जमीन हादरली’ यातही खोटे काही नाही, पण दोन घटना शेजारी ठेवल्या की वाचक त्यांच्यामध्ये ‘म्हणून’ आपणच घालतो. तेथे ‘जलाशयानंतर वाढलेले धक्के’ पुरेसे आहे.

पुलकोटचे मूळ वाक्य पूर्ण द्याल का?

कृष्णाकाठ
मूळ वाक्य असे आहे: ‘धरण नसते तर हा भूकंप तेव्हा कदाचित झाला नसता, पण भेगेत ताण साठलेला नसता, तर धरण असूनही तो झाला नसता.’ चौकटीत पहिला अर्धाच मावत होता.

जुना उपसंपादक
त्यात ‘तेव्हा’ आणि ‘कदाचित’ हे दोन्ही शब्द गळले आहेत, आणि सगळा अर्थ त्यांच्यातच आहे. लेखक वेळेबद्दल शक्यता सांगत होते. चौकटीत तो निकाल झाला. ‘पण’च्या अलीकडे तोडलेले वाक्य चौकटीत जाऊ नये, असा माझा नियम आहे. दोन्ही अर्धे मावत नसतील तर ते वाक्य पुलकोटचे नव्हेच, दुसरे शोधा.

तपासणीची रीत सांगतो. मथळा, उपमथळे आणि पुलकोट एवढेच एका कागदावर क्रमाने उतरवा, लेख न वाचलेल्या माणसाच्या हाती द्या आणि लेखाचे म्हणणे दोन-तीन वाक्यांत सांगायला लावा. ते उत्तर लेखकांना दाखवा. ते जेथे ‘असे मी म्हटलेले नाही’ म्हणतील, तेथला उपमथळा बदला.

पानसुपारी
उपमथळा मजकुरापेक्षा दोन पॉइंट मोठा आणि ठळक ठेवावा, वर मोकळी जागा जास्त आणि खाली कमी सोडावी, म्हणजे तो आपल्या परिच्छेदाला चिकटून दिसतो.

कृष्णाकाठ
आभारी आहे, पण माझी अडचण अक्षरांच्या आकाराची नसून शब्दांची आहे.

रानवाटा
आमच्या संस्थेच्या सर्पदंशावरील पुस्तिकेतला प्रकार यापेक्षा गंभीर होता. ‘काय करू नये’ या प्रकरणात उपमथळे होते ‘जखमेवर चिरा देणे’ आणि ‘वर घट्ट दोरी बांधणे’. प्रकरणाचे नाव मागच्या पानावर राहिले, त्यामुळे पान उघडणाऱ्याला हे उपचारच वाटले असते. मजकूर तपासणाऱ्या डॉक्टरांनी ते ‘चिरा देऊ नका’, ‘दोरी आवळू नका’ असे करून घेतले. नकार मजकुरात असून भागत नाही, तो उपमथळ्यातच हवा.

कृष्णाकाठ
हे माझ्या लेखालाही लागू पडते. आता एकच गोष्ट उरली. लेखात एका वृद्ध ग्रामस्थाचे उद्गार आहेत: ‘आमचं घर धरणानं पाडलं.’ ते चौकटीत घ्यावेत असे मला फार वाटते, लेखक मात्र नको म्हणतात.

दिवेलागण
जरूर घ्या. तो त्यांचा अनुभव आहे, आणि खाली ‘कोयना खोऱ्यातील एक ग्रामस्थ’ असे लिहिले की बोलणारा कोण हे स्पष्ट होते.

जुना उपसंपादक
मी मजकुरातच ठेवीन. चौकटीतली मोठी अक्षरे वाचली जातात, खालची बारीक ओळ सुटते, आणि लेख ज्या समजुतीची छाननी करतो तीच पानावर सर्वांत ठळक होते.

रानवाटा
मला मात्र दिवेलागण यांचे पटते, अट एवढीच की ती चौकट ‘ताण आधीचा’ या भागात न जाता पहिल्या, आठवणींच्या भागात जावी.

कृष्णाकाठ
उपमथळे बदलले आहेत आणि पुलकोटचे वाक्य पूर्ण घेण्यासाठी मांडणीकारांकडून दोन स्तंभांची रुंदी मिळाली आहे. ग्रामस्थाच्या चौकटीला पहिल्या भागात जागा राखली आहे; लेखकांचा होकार अद्याप आलेला नाही.