मदत हवी आहे: स्टॉक मायनसमध्ये गेला होता, आता दर 240 दाखवतोय

स्टोअर_एम
नमस्कार मंडळी. ईआरपीत आमच्या एका रेझिनचा दर 240 दिसतोय. आम्ही ते 120 च्या वर कधीच घेतलेलं नाही. मधे स्टॉक मायनसमध्ये गेला होता, आता प्लसमध्ये आहे. अकाउंट्सवाले म्हणतात चूक स्टोअरची, आणि स्टोअर मी बघतो. परवा महिना बंद होतोय. मायनस स्टॉकची परवानगीच काढून टाकू का? जरा लवकर सांगा.

पक्का_नियम
काढून टाका, विचारायचं काय त्यात? जो माल नाही तो इश्यू होऊच कसा शकतो? आम्ही पहिल्या दिवसापासून बंद ठेवलंय.

प्रज्ञा_के
थांबा. कुठली ईआरपी? दर फिफोने निघतो की सरासरीने? मायनस किती होता?

स्टोअर_एम
एका विक्रेत्याने फक्त आमच्यासाठी बनवून दिलेली आहे. सरासरी दर. मायनस दोनच दिवस होता.

गोदाम_रक्षक
माझ्या अनुभवात मायनस म्हणजे चोरी. आमच्याकडे आठ महिने पत्ता लागला नव्हता. गोदामाला कॅमेरे लावा आणि दर शनिवारी मोजणी करा.

स्टोअर_एम
अहो, माल जागेवर आहे. मोजून 10 किलो, सिस्टीममध्येही 10 किलोच. भानगड दराची आहे.

प्रज्ञा_के
मग आकडे द्या. आधी किती होतं, इश्यू किती, आवक किती, आणि कुठली एंट्री कधीची.

स्टोअर_एम
आधी 40 किलो, दर 100. 14 तारखेला 100 किलो इश्यू. 16 ला 70 किलोचा जीआरएन, दर 120. ड्रम 13 च्या संध्याकाळीच उतरले होते, पण पुरवठादाराचं बिल आलं नव्हतं. बिलाशिवाय जीआरएन करायचा नाही असा आमच्याकडे नियम आहे. उत्पादनाला सकाळी माल हवा होता, दिला.

प्रज्ञा_के
हे आधीच सांगायला हवं होतं, सगळं यातच आहे. 14 ला सिस्टीमला फक्त 100 चा दर माहीत होता. तिने 100 किलो त्याच दराने, म्हणजे 10,000 ला खर्ची टाकले. शिल्लक झाली उणे 60 किलो आणि उणे 6,000. मग 70 किलोचे 8,400 आत आले:

```
 70 - 60     = 10 किलो
8400 - 6000  = 2400
2400 / 10    = 240
```

उणे 60 किलो 100 ने मोजले होते, ते भरून निघाले 120 च्या मालाने. किलोमागे 20, म्हणजे 1,200 चा फरक. तो सगळा उरलेल्या 10 किलोंच्या डोक्यावर बसला. दर पडून आवक 80 ने आली असती, तर 5,600 वजा 6,000, म्हणजे हातात 10 किलो आणि किंमत उणे 400. प्लस साठ्याची किंमत मायनस दिसली की समजायचं, मागे कधीतरी हेच घडलंय.

दुकान_काउंटर
आमचं बिलिंग काउंटर आहे. ग्राहक वस्तू हातात घेऊन उभा असतो, तेव्हा सिस्टीम 'स्टॉक नाही' म्हणाली तर बिल करायचं नाही का? मायनस चालू ठेवा, रात्री आवक चढवा. आमचं वर्षानुवर्षं असंच चालतं.

पक्का_नियम
म्हणूनच तुमच्या नफ्याचे आकडे कोणाला पटत नसतील.

दुकान_काउंटर
आमचा खरेदी दर महिनोन्‌महिने बदलत नाही. दर तोच असेल तर 1,200 चा फरक येणार कुठून? वरचंच गणित पुन्हा वाचा.

प्रज्ञा_के
हे त्यांचं बरोबर आहे. दर स्थिर असला तर मायनसमुळे किंमत बिघडत नाही. बिघडते ती दर हलला की.

झटपट_उपाय
स्टोअर_एम, पुढच्या वेळी मायनस दिसला की तेवढ्याच किलोंची प्लस अ‍ॅडजस्टमेंट टाका. शून्य होतं, कटकट मिटते.

प्रज्ञा_के
हे मात्र कृपा करून करू नका. 60 किलो अ‍ॅडजस्टमेंटने आत घेतले आणि 16 ला 70 चा जीआरएन आला, तर पुस्तकात 70 आणि फडताळावर 10. जो मायनस आपोआप भरणार होता, त्याच्या जागी 60 किलोंची खोटी शिल्लक बसेल. ती मोजणीपर्यंत कोणाच्या लक्षातही येणार नाही. मायनस निदान डोळ्यांना दिसतो.

स्टोअर_एम
बरं, पण मी आत्ता काय करू? जीआरएनची तारीख 13 केली तर चालेल?

पक्का_नियम
चालेल. तारीख मागे घ्या, सगळं जागेवर येईल.

प्रज्ञा_के
येईलच असं नाही. काही सिस्टीम मागच्या तारखेची एंट्री आली की पुढच्या सगळ्या व्यवहारांचे दर पुन्हा काढतात. काही फक्त किलोंचा क्रम सुधारतात आणि इश्यूची किंमत 10,000 तशीच ठेवतात. विक्रेत्याला हे विचारा. महिना उघडा आहे तोवर खात्रीचा रस्ता असा: 14 चा इश्यू रिव्हर्स करा, मग तोच इश्यू जीआरएननंतर पुन्हा टाका. 40 किलोंचे 4,000 आणि 70 चे 8,400, मिळून 110 किलो, 12,400. दर 112.73. इश्यू 11,272.73 ला जाईल आणि 10 किलो 1,127.27 ला उरतील. बेरीज आधीही 12,400 च होती, वाटणी चुकली होती. उत्पादनावर 1,272.73 कमी पडले होते.

शॉपफ्लोअर_74
सॅपमध्ये सरासरी दराच्या मालाला हा त्रास असा होत नाही. 261 चा इश्यू आधी आणि 101 ची आवक नंतर पडली, तरी मायनस भरणाऱ्या 60 किलोंचा फरक, इथे 1,200, दरफरकाच्या खात्यात जातो आणि उरलेल्या 10 किलोंचा दर 120 राहतो. पण पक्का_नियम, सरसकट बंद करण्याला माझा विरोध आहे. आमच्याकडे कच्चा माल उत्पादन नोंदवताना आपोआप वजा होतो. परवानगी बंद, त्यामुळे जीआरएन मागे पडला की त्या नोंदी अडून `COGI` मध्ये साचतात. तिथे रोज कोणी बसलं नाही, तर माल वापरला गेलेला असतो आणि पुस्तकात तसाच पडून असतो. मायनस दिसत नाही, पण आकडा खोटाच.

पक्का_नियम
तो रोज न बसणाऱ्याचा दोष, बंदीचा नाही.

शॉपफ्लोअर_74
दोष कोणाचाही असो, बंदी आली की लोक वाट काढतात. पाळी अडू नये म्हणून दुसऱ्याच ग्रेडच्या कोडवर इश्यू टाकलेला मी पाहिलाय. मग एकाऐवजी दोन कोड चुकतात.

नवीन_आहे
ईआरपीनेक्स्टमध्ये हे `Stock Settings` मधल्या `Allow Negative Stock` ने होतं ना? आणि छोट्या युनिटला कोणती ईआरपी घ्यावी?

प्रज्ञा_के
हो, तेच. ईआरपी निवडीसाठी वेगळा धागा काढा.

स्टोअर_एम, आता तुमचा मूळ प्रश्न. आधी बिलाचा नियम बदलून घ्या. जीआरएन म्हणजे माल दारात उतरल्याची नोंद. ती चलनावरच्या किलोंनी आणि पीओच्या दराने त्याच संध्याकाळी व्हायला हवी. बिल नंतर आलं की जुळवता येतं. 13 ला असं झालं असतं तर मायनस आलाच नसता. हे न बदलता नुसती परवानगी काढली, तर 14 च्या सकाळी तुमच्यापुढे दोनच वाटा असतील, उत्पादन थांबवा किंवा खोटी एंट्री करा. मी कच्च्या मालाच्या स्टोअरला बंद ठेवेन, पण नियम बदलल्यावर महिनाभराने. तोवर रोज संध्याकाळी मायनसची यादी काढून प्रत्येक ओळीचा जीआरएन कुठे अडकलाय ते शोधत जा.

शॉपफ्लोअर_74
स्टोअरला बंद, मान्य. आपोआप वजा होणाऱ्या शॉपफ्लोअरला मी चालूच ठेवेन, फक्त महिना बंद करताना एकही मायनस नको.

प्रज्ञा_के
तिथे आपलं जमणार नाही. मी तिथेही बंदच ठेवेन.

स्टोअर_एम
इश्यू रिव्हर्स करून पुन्हा टाकला. दर 112.73 आला. खूप आभार. बिलाच्या नियमाबद्दल अकाउंट्सशी उद्या बोलतो, ते पीओच्या दराला तयार होतील असं वाटत नाही. आणखी एक: त्या 100 किलोंतून बनलेला अर्धा माल 15 लाच विकला गेलाय, जुन्या खर्चाने. वाढलेल्या 1,272.73 मधला त्याचा वाटा विक्रीच्या खर्चात आपोआप जाईल का?

प्रज्ञा_के
तयार मालाचा दर पुन्हा निघाला का, ते आधी बघा. त्याचं लेजर 14 पासून काढून इथे टाका.