रिसर्च स्टेटमेंट: ‘वीज गेली की माझा प्रयोग सुरू होतो’ हे वाक्य ठेवू का?

विहीरवाली
एका केंद्रीय संशोधन संस्थेत असिस्टंट प्रोफेसरच्या जागेसाठी अर्ज करतेय. विषय बेसॉल्टमधलं भूजल. स्टेटमेंटला तीन पानं आहेत: आधीचं काम आणि पुढच्या पाच वर्षांचा बेत. समितीत भूजलवाला एखादा असेल-नसेल, बाकी हवामान, भौतिकी, रसायन. म्हणून साध्या भाषेत लिहिलंय. सुरुवात अशी:

“शेतातली विहीर ही आधी टाकी असते, मग झरा. सहा मीटर व्यासाच्या विहिरीतून तासाला ३६ घनमीटर पाणी उपसलं तर पहिल्या तासात पातळी सव्वा मीटरच्या आसपास उतरते, आणि ते पाणी बहुतेक विहिरीत साठलेलंच असतं. खडक किती देतो ते पंप बंद झाल्यावर कळतं. महाराष्ट्रात शेतीची वीज ठरलेल्या तासांनीच येते. वीज गेली की माझा प्रयोग सुरू होतो.”

माझे गाइड म्हणाले, हे वर्तमानपत्री झालं. तुम्हाला काय वाटतं?

दगडफूल
तुमच्या गाइडशी सहमत. समितीपुढे दीडशे अर्ज असतात. पहिल्या परिच्छेदात टाकी आणि लाइट दिसली की भूगर्भवाला माणूस समजतो, गणित येत नसावं. मोठ्या व्यासाच्या विहिरीतला साठा हिशेबात धरायची रीत पापाडोपुलॉस आणि कूपर यांनी १९६७ सालीच दिली आहे. ते नाव पहिल्या तीन ओळींत हवं. तुम्ही ती वापरली, सुधारली की मोडीत काढली, तेवढं सांगा आणि पुढे चला. सोपं लिहायचं ते निधी मागताना किंवा शाळेत भाषण करताना.

सेट पास
ताई, एवढं कशाला लिहिता? सेट आहे ना? एपीआयचा तक्ता भरायचा, शोधनिबंधांच्या झेरॉक्स जोडायच्या. आमच्या कॉलेजात मुलाखतीत एवढंच विचारलं की तासिका किती घेणार.

विहीरवाली
@सेट पास, ती अनुदानित कॉलेजची वाट, हा अर्ज वेगळा. इथे तक्ता नाहीच. ही तीन पानं, बायोडेटा आणि शिफारसपत्रं.

निवृत्त मास्तर
अशा समित्यांवर बरीच वर्षं बसलोय, म्हणून सविस्तर लिहितो. दगडफूल यांचं अर्धं पटलं. नाव यायला हवं, पण पहिल्या तीन ओळींत नको. अर्ज छाटताना हवामानवाला आणि रसायनवालाही मत देतो. त्याला पहिल्या पानावर प्रश्न कळला नाही, तर तो भूजलवाल्याकडे बघतो, आणि भूजलवाला त्या दिवशी आलेलाच नसतो.

पण विहीरवाली, तुझी खरी अडचण भाषा नाही. तुझ्या सुरुवातीत गंमत आहे, प्रश्न नाही. खडक तासाला किती देतो हे कळलं, पुढे काय? समज, पावसाळ्यात गावातल्या विहिरींची पातळी सरासरी चार मीटर चढली. म्हणजे किती पाणी मुरलं? खडकातली रिकामी होऊ शकणारी जागा एक टक्का धरली तर ते गावभर पसरलेलं चार सेंटिमीटर पाणी. तीन टक्के धरली तर बारा. गाव पाचशे हेक्टरांचं असेल, तर एका हिशेबाने दोन लाख घनमीटर आणि दुसऱ्याने सहा लाख. बेसॉल्टसाठी हे दोन्ही आकडे सर्रास धरले जातात. तिप्पट फरकावर गावाचा पाणी-ताळेबंद उभा आहे, हे रसायनवाल्यालाही एका वाचनात कळतं आणि तो सावरून बसतो. तुझं पहिलं वाक्य इथून सुरू व्हायला हवं.

आता अवघड भाग. मोठ्या विहिरीवरच्या छोट्या चाचणीतून खडकाची वहनक्षमता बरी निघते, पण हा साठ्याचा आकडा भरवशाने निघत नाही. वेगवेगळ्या साठ्यांच्या वक्ररेषा सुरुवातीला जवळपास एकसारख्याच दिसतात, कुठलीही बसवून घेता येते. तुझ्या पद्धतीतून तो काढणार असशील तर मी मुलाखतीत पहिला प्रश्न हाच विचारेन. आणि साध्या भाषेत लिहिलंस म्हणून हा प्रश्न टळणार नाही.

विहीरवाली
मास्तर, हे लागलं, कारण माझ्या तिसऱ्या पानावर “साठ्याचा गुणांक काढणार” असं मोघम वाक्य आहे. मनात होतं ते असं: फेब्रुवारी ते मे फारसा पाऊस नसतो. एक छोटं पाणलोट घ्यायचं, कालवा नसलेलं. प्रत्येक मोटर किती तास चालली ते मोजायचं, तासाला किती उपसते तेही मोजायचं. क्षेत्रफळ आणि पातळीची घट यांच्या गुणाकाराने एकूण उपशाला भागलं, की टक्का मिळतो. सिंचनाचं थोडं पाणी परत मुरतं, ते वजा केलं नाही तर टक्का फुगतो. ही रीत माझी नाही, कठीण खडकासाठी सरकारी भूजल-मोजणीतही सुचवलेली आहे. पण मोटरचे तास कुणी नीट मोजत नाही, आणि वीज कधी आली-गेली याच्या नोंदींमुळे ते माझ्याकडे असतील.

दगडफूल
बघा, आत्ता जे लिहिलंत ते स्टेटमेंट आहे. वरचं होतं ते ललित.

निवृत्त मास्तर
आणि यात एकही पारिभाषिक शब्द नाही, हेही बघा.

रसायनवाला
माझा अनुभव वेगळा, पण उपयोगी पडेल. मी पाच वर्षांसाठी पाच प्रकल्प लिहिले होते, प्रत्येकाला एक सुबक आकृती. मुलाखतीत एका बाईंनी विचारलं, “यातला कुठला पहिला सोडाल?” मी म्हणालो, एकही नाही. खोलीतली हवाच बदलली. बाहेर पडताना कळलं की तोच प्रश्न परीक्षा होता. नंतर दुसरीकडे दोनच प्रकल्प लिहिले, आणि एक फसला तर दुसऱ्याचं काय होईल तेही लिहिलं. तिथे लागलो. शिवाय पीएचडीच्या कामात मी सगळीकडे “आम्ही” लिहिलं होतं. त्यामुळे गाइडचं काय आणि माझं काय ते कुणालाच कळलं नाही.

विहीरवाली
‘आम्ही’ माझ्याकडेही आहे. माझं स्वतःचं म्हणता येईल असं एक आहे. चौदा विहिरींत पंप बंद झाल्यावर पातळी कशी चढते ते मी मोजलं. नेहमीची अपेक्षा अशी की पातळी जसजशी वर येते तसतशी आवक मंदावते. पण काही विहिरींत आवक बराच वेळ जवळपास एकसारखी राहिली आणि मग एका खोलीवर एकदम वाकली. विहिरीत उतरून पाहिलं तर नेमकं त्या उंचीला लाव्हाच्या दोन थरांमधला सच्छिद्र पट्टा होता. पातळी पट्ट्याखाली असते तोवर पाणी भिंतीवरून ओघळत पडतं, खाली पातळी कितीही असो. पट्टा बुडाला की जोर कमी होतो. म्हणजे विहिरीत न उतरताही, नुसत्या आलेखावरून, पाणी कुठल्या खोलीवरून येतं ते सांगता येतं. गाइडची कल्पना चाचण्या घ्यायची होती, हा वाक मला दिसला.

निवृत्त मास्तर
हे पहिल्या पानावर, एका आकृतीसह. आवक मोजायची रीतही एका उदाहरणात दाखव. पंप बंद झाल्यावर तासाभरात पातळी वीस सेंटिमीटर चढली, विहिरीचं तोंड सव्वाअठ्ठावीस चौरस मीटर, म्हणजे साडेपाच घनमीटरहून थोडं जास्त पाणी आलं. एवढं दाखवलंस की भौतिकीवाला उरलेलं स्वतः जुळवतो. पापाडोपुलॉस-कूपर दुसऱ्या पानावर येऊ दे, त्यांची रीत कुठे अपुरी पडते या वाक्यात.

पाच वर्षांचं वेळापत्रक टाक इथे.

विहीरवाली
पहिलं वर्ष: उपकरणं, विहिरी निवडणं. दुसरं ते चौथं: मोजणी. पाचवं: प्रतिकृती आणि लेखन.

निवृत्त मास्तर
वर्षं मोजू नकोस, पावसाळे मोज. ऑगस्टमध्ये रुजू झालीस तर पहिला गेलाच. खरेदीची प्रक्रिया, पातळी नोंदणारे लॉगर येणं, विद्यार्थी मिळणं यात पुढचा मे गाठलास तरी खूप. पातळीची नोंद पावसाआधी सुरू झाली नाही तर तो पावसाळाही वाया. पाचव्यात तुझा आढावा असतो. हाती उरतात तीन, आणि त्यातला एक कमी पावसाचा निघू शकतो. “तीन पावसाळे मिळतील असं धरलं आहे, दोनच मिळाले तर प्रश्नाचा अमुक भाग सुटेल” असं लिही. आम्ही असं वाक्य शोधत असायचो आणि क्वचितच सापडायचं.

हवेच्या दाबाचा लॉगर यादीत आहे का? बंद नळीचे लॉगर पाण्यासकट हवेचाही दाब मोजतात. दाब एक हेक्टोपास्कलने हलला की पातळी एक सेंटिमीटर हलल्यासारखी दिसते, आणि तुझा वाक सेंटिमीटरांतला आहे.

विहीरवाली
आहे. पण एकच. दोन करते.

माणदेशी
मी संशोधक नाही, शेतकऱ्याचा पोरगा. लाइट गेली की प्रयोग सुरू, हे वाचून हसलो. तीन गोष्टी बघा. एक, सगळ्यांनी ऑटो स्टार्टर बसवलेत. लाइट पाच मिनिटं जाऊन आली तरी मोटर चालू, तुमचा प्रयोग पाच मिनिटांचा. दोन, आता सोलर पंप येतायत. पाच वर्षांनी लाइटच्या वेळापत्रकावर किती मोटरी उरतील? तीन, आमच्या विहिरीत आडवी बोअरं आहेत, तिन्ही दिशांना. पाणी तुमच्या त्या पट्ट्यातून येतं की बोअरातून, ते वरून कसं कळणार?

दगडफूल
दुसरा मुद्दा जबरदस्त. पाच वर्षांचा बेत ज्यावर उभा आहे, तीच गोष्ट पाच वर्षांत बदलते आहे.

रसायनवाला
पण सोलर तर सगळ्यांचे एकाच वेळी बंद होतात ना? सूर्य मावळला की रात्रभर पातळी चढणार. उलट चांगलंच झालं.

निवृत्त मास्तर
अर्धं बरोबर. रात्र मोठी मिळते, पण सुरुवात पुसट होते. विजेचा पंप खटकन बंद होतो, वेळ शून्य ठरवता येते. सोलर संध्याकाळी हळूहळू मंदावतो, ढग आला की मध्येच दमतो. सुरुवातीच्या तासातला आलेख गढूळ होईल. तिचा वाक नेमका तिथे असेल तर जाईल, उशिरा असेल तर वाचेल. हे मोजल्याशिवाय सांगता येणार नाही.

विहीरवाली
माझ्या चौदांपैकी एकाही विहिरीवर सोलर नव्हता, त्यामुळे माझ्याकडे उत्तर नाही. पहिल्या वर्षात दोन सोलरवाल्या विहिरी घेऊन हेच तपासते, आणि स्टेटमेंटमध्ये हाच धोका म्हणून लिहिते. आडव्या बोअरचं मात्र अवघड आहे. मी अशा विहिरी वगळल्या होत्या. पण काही भागांत वगळल्या तर विहिरीच उरणार नाहीत.

दगडफूल
वगळल्या होत्या हे पहिल्या पानावर येऊ द्या, आकृतीच्या खालीच. आणि टाकीचं वाक्य काढा, अजूनही म्हणतो.

विहीरवाली
टाकी ठेवतेय. लाइटचं वाक्य काढतेय, ते आता खरं राहीलच असं नाही.

माणदेशी
लॉगर सोडायला आमच्याकडे या. फक्त आडवी बोअरं कुठल्या खोलीला मारलीत ते चुलत्याला विचारावं लागेल, आणि तो दर वेळी वेगळं सांगतो.