एका वर्षात जर्मन बोलायला शिकायचंय, चौथ्या महिन्यातच अडकलोय, प्लॅन बघून सांगा

उशिराचा_विद्यार्थी: वय 41, नोकरी सांभाळून जर्मन शिकतोय. वर्षभरात कोणाशी पंधरा-वीस मिनिटं साध्या गप्पा मारता आल्या की बास. रोज 45 मिनिटं मिळतात. पहिले सहा महिने शब्द नि ग्रामर, मग तीन महिने ऐकणं, शेवटचे तीन बोलणं असं ठरवलं होतं. अंकी या शब्दकार्डांच्या अ‍ॅपमध्ये रोज 20 नवे शब्द टाकत गेलो, आता उजळणीलाच दीडशेवर कार्डं येतात आणि सगळा वेळ त्यातच जातो. परवा एकाने जर्मनमध्ये विचारलं काल काय केलंस, तर तत-पप.

सिरीजवाला: ग्रामर सोडा, सबटायटल लावून सिरीज बघत सुटा. मी तसंच शिकलो.

मेघना_क: बी1च्या परीक्षेत मला रायटिंगला त्रास झाला होता, पत्रांचे नमुने पाठ करा.

उशिराचा_विद्यार्थी: अहो परीक्षा नाही द्यायचीये मला :)

जुनी_खोडं: सिरीजवाल्यांचं अर्धं बरोबर आहे, ऐकणं आजपासूनच हवं, पण ज्यातलं बहुतेक कळतं असं सोपं काहीतरी, नाहीतर डोळे सबटायटल वाचतात आणि कान झोपतात. तुमचा घोळ असा की कार्डावर जर्मन शब्द बघून मराठी आठवताय, बोलताना लागतं नेमकं उलटं. दोन आठवडे नवी कार्डं बंद, मग रोज सात-आठच, पुढे मराठी वाक्य, मागे जर्मन. 15 मिनिटं कार्डं, 15 ऐकणं, 15 मोठ्याने बोलणं, शिवाय आठवड्यातून दोनदा अर्धा तास खऱ्या माणसाशी.

आता 'काल काय केलं'. बोलण्यात भूतकाळ बहुतेक पर्फेक्टनेच भागतो, म्हणजे 'हाबं' किंवा 'बिन' लावून, 'इश हाबं गेकोख्ट' म्हणजे मी स्वयंपाक केला, 'इश बिन गेगांगन' म्हणजे मी गेलो, सोबत 'वार' म्हणजे होतो नि 'हाटं' म्हणजे माझ्याकडे होतं, एवढे आले की निभतं, बाकीची प्रेटेरिटुमची, म्हणजे एकशब्दी भूतकाळाची रूपं आत्ता पाठ करू नका. कालचा दिवस चार मिनिटांत सांगा, लगेच तोच तीन मिनिटांत, मग दोन. तिसऱ्या वेळी अडखळणं कमी होतं, जिथे तरीही अडतं तेच पुढचं कार्ड. सहाव्या महिन्यापर्यंत हेच, मग नवव्या महिन्यापर्यंत प्रश्न विचारणं आणि 'वाइल' म्हणजे 'कारण', 'दास' म्हणजे 'की', यांची वाक्यं. त्यात क्रियापद शेवटी जातं ते आपल्याला ओळखीचंच. शेवटचे तीन महिने दर वेळी नवा माणूस, कारण एकाच शिक्षकाला आपलं मोडकंतोडकं कळायची सवय लागते.

पण रोजचे 45 मिनिटं म्हणजे वर्षाला साधारण 270 तास, तेवढ्यात ओळखीच्या विषयांवर बोलाल, दोन जर्मन आपसात वेगात बोलायला लागले की सुटेल.

उशिराचा_विद्यार्थी: सुधारतंय हे कळणार कसं? आणि शब्दांच्या लिंगाचं, त्या डेर-डी-दासचं काय, सूर्य 'ती' कसा काय!

जुनी_खोडं: महिनाअखेर त्याच प्रश्नाचं दोन मिनिटं रेकॉर्डिंग करा आणि चुका नका मोजू, किती वेळा थांबलात नि किती वेळा इंग्रजीत घुसलात ते मोजा. लिंग चुकलं तरी समोरच्याला कळतं, पुढे जा.

मेघना_क: नाही पटलं. मी आधी दुर्लक्ष केलं, त्या सवयी अजून मोडतेय. शब्द डेर-डी-दाससकटच टाका.

जुनी_खोडं: कार्डावर टाका की, माझं म्हणणं बोलताना थांबू नका इतकंच.

मेघना_क: बोलताना थांबलं नाही तर तेच पक्कं होतं, तोच तर वांधा आहे.