मदत हवी आहे: ‘फ्री रिटर्न’ लिहिलेल्या बुटांवर पिकअपचे ९९ रुपये कापले

जुळे_सोलापूर:
एका शॉपिंग अ‍ॅपवरून बाबांसाठी बूट मागवले. बूट १,२९९ आणि प्लॅटफॉर्म फी २०, असे १,३१९ यूपीआयने भरले. बुटांच्या पानावर ‘७ दिवसांत फ्री रिटर्न’ असं ठळक लिहिलं होतं. साइज लहान पडला म्हणून परत दिले, तर रिफंड १,२०० च आला. चॅटवाले म्हणतात, ९९ रुपये रिव्हर्स पिकअप चार्ज, तो अटींमध्ये आहे. बाबा म्हणतात सोडून दे, पण मला हे पटत नाही. काय करता येईल?

कायद्याने_बोला:
सात दिवसांत फुकट परत घेणं कायद्यानेच बंधनकारक आहे. नोटीस पाठवा.

अक्कलकोट_रोड:
माझा सीओडीचा रिफंड अजून अडकलाय, बँक खातं टाकूनही. कोणाला अनुभव?

ग्राहकमित्र_सोलापूर:
@कायद्याने_बोला, असा सरसकट नियम नाही. चुकीची किंवा खराब वस्तू आली तर गोष्ट वेगळी. इथे साइज बसला नाही, म्हणून सगळी भिस्त कंपनीने पानावर दिलेल्या शब्दावर आहे. ठळक अक्षरात फ्री म्हणायचं आणि चार्ज आतल्या अटींत ठेवायचा, ही दिशाभूल आहे. केंद्राच्या २०२३ च्या डार्क पॅटर्नच्या, म्हणजे अ‍ॅप-साइटवर ग्राहकाला फसवणाऱ्या मांडणीबद्दलच्या, मार्गदर्शक तत्त्वांत याच्या जवळचा प्रकार ‘ड्रिप प्रायसिंग’ म्हणून दिलाय.

ताई/दादा, आधी पुरावा जपा. उत्पादनाचं पान उद्या बदलू शकतं, म्हणून आजच तारखेसह स्क्रीनशॉट काढा. ‘माय ऑर्डर्स’मधलं ऑर्डरचं पान, कन्फर्मेशनचा ईमेल आणि रिफंडचा तपशीलही ठेवा. मग चॅट सोडून तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा; त्याचं नाव आणि संपर्क अ‍ॅपवर देणं ई-कॉमर्स नियम, २०२० नुसार सक्तीचं आहे. ४८ तासांत पोच आणि महिन्यात निवारण व्हायला हवं. ईमेलमध्ये एकच मागणी ठेवा: ९९ रुपये परत.

तरी हललं नाही तर १९१५ वर किंवा consumerhelpline.gov.in वर तक्रार नोंदवा. हेल्पलाइन कंपनीकडे पाठपुरावा करते, हुकूम देऊ शकत नाही. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. कंपनी कुठलीही असो, तुम्ही राहता म्हणून तक्रार सोलापुरातच चालते, आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही.

जुळे_सोलापूर:
दादा, आभार. पानावर ‘फ्री रिटर्न’ अजून आहे, आत्ताच स्क्रीनशॉट घेतला. पण त्या २० रुपयांचं काय? तेही मागू का?

ग्राहकमित्र_सोलापूर:
ते वेगळं प्रकरण. पैसे भरताना प्लॅटफॉर्म फी स्पष्ट दिसत होती आणि परत मिळणार नाही असं तिथेच लिहिलं असेल, तर बाजू कमजोर आहे. दोन्ही एकत्र मागितलेत तर ते २० वरच वाद घालत बसतील.

हातमाग_गल्ली:
मला पटत नाही. माल परत गेला, मग फी कशाची ठेवतात? मी तरी मागितली असती.