अनुभव धागा: उत्तरतालिकेवर हरकत घेतली, कलम दाखवलं, पुढे काय झालं?

राजारामपुरी, नववी गल्ली

परवा अभ्यासिकेत एका मुलाने विचारलं, "ताई, हरकत घेऊन काही होतं का ओ?" त्याला उभ्या उभ्या सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून इथे लिहिते. तुम्हीही लिहा. प्रश्न काय होता, तुमचा पर्याय कुठला, कुठल्या कायद्याचा आधार दिला आणि शेवटी काय झालं, एवढं नीट सांगा. परीक्षेचं आणि संस्थेचं नाव मात्र नको.

माझा प्रश्न असा होता: नोंदणीकृत खरेदीखताने शेतजमीन घेतलेल्या व्यक्तीने महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४९ नुसार हक्क मिळाल्याची खबर तलाठ्यास किती मुदतीत द्यावी? पर्याय होते एक महिना, तीन महिने, सहा महिने, आणि चौथा, खबर देण्याचे बंधन नाही. मी चौथा निवडला होता. पहिल्या उत्तरतालिकेत दुसरा बरोबर दाखवला होता.

आधी माझाच धीर सुटला. कलम १४९ म्हटलं की सगळ्यांच्या तोंडी तीन महिने, माझ्या नोट्समध्येही तेच. मी चौथ्यावर गेले कारण वडील दस्तलेखक. त्यांच्याकडे खरेदी करून गेलेला माणूस पुन्हा वेगळी खबर द्यायला तलाठ्याकडे गेल्याचं मी लहानपणापासून कधी ऐकलं नव्हतं. पण हे हरकतीत लिहून भागत नाही.

त्या रात्री indiacode.nic.in वरून संहिता उतरवली आणि कलम १४९ शेवटपर्यंत वाचलं. वारसा, वाटप, खरेदी, गहाण, बक्षीस, पट्टा अशा कुठल्याही मार्गाने हक्क मिळाला तर तीन महिन्यांत तोंडी किंवा लेखी कळवायचं, हे पहिल्या भागात आहे. नोट्स तिथेच थांबतात. त्याखाली परंतुकं आहेत. एक अज्ञान व्यक्तीच्या पालकाबद्दल. दुसऱ्यात मात्र स्पष्ट आहे की जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीने किंवा नोंदणीकृत दस्ताने ज्याला हक्क मिळाला, त्याला तलाठ्याला कळवण्यापासून सूट आहे. मी ती ओळ पेन्सिलीने अधोरेखित केली आणि आईला उठवून वाचून दाखवली.

हरकतीचा पहिला मसुदा दोन पानी झाला होता. त्यात माझी मेहनत, घरची परिस्थिती, सगळंच आलं होतं. वडिलांनी वाचून एवढंच म्हटलं, "दस्तात कुणी रडत नाही गं." मग हे उरलं:

"प्रश्नात हक्कप्राप्ती 'नोंदणीकृत खरेदीखताने' झाल्याचे नमूद आहे. कलम १४९ च्या दुसऱ्या परंतुकानुसार नोंदणीकृत दस्ताने हक्क मिळालेल्या व्यक्तीस तलाठ्यास खबर देण्यापासून सूट आहे. अशा दस्ताची माहिती तलाठी व तहसीलदार यांस पाठवण्याचे काम कलम १५४ ने नोंदणी अधिकाऱ्यावर सोपवले आहे. तीन महिन्यांची मुदत ही सूट नसलेल्या व्यक्तींसाठी आहे. सबब पर्याय २ ऐवजी पर्याय ४ ग्राह्य धरावा."

सोबत तीनच पानं जोडली: संहितेचं पहिलं पान, कलम १४९ चं पान आणि कलम १५४ चं पान. दोन्ही कलमांवर चौकट आखली होती. एका प्रश्नाचे शंभर रुपये भरले, पावती जपून ठेवली.

अंतिम उत्तरतालिकेत तो प्रश्न रद्द झाला. त्या परीक्षेत रद्द प्रश्नाचे गुण सगळ्यांना दिले. म्हणजे माझा गुण आला, पण दुसरा पर्याय निवडणाऱ्यांनाही आला. पर्याय ४ बरोबर का धरला नाही, हे कुणी लिहून कळवलं नाही. ते मला अजून खुपतं.

गंगावेस

ताई, तुम्ही एकट्याने घेतली म्हणून रद्दवर भागवलं. आमच्या बॅचने एका प्रश्नावर एकच मजकूर करून दीडशे जणांनी टाकला आणि उत्तर बदललं. हरकती जितक्या जास्त तितका जोर.

निवृत्त मंडळ अधिकारी, भुदरगड

गंगावेस, तुमचं उत्तर बदललं ते मजकुरात दम होता म्हणून असेल. तज्ज्ञापुढे प्रश्न आणि आधार ठेवतात. दीडशे वेळा तोच आधार आला तरी तो एकच आधार. मात्र जास्त हरकती आल्या की प्रश्न पुन्हा पाहिला जातो, हे मी नाकारत नाही.

राजारामपुरीच्या बाईंचा मुद्दा मात्र शंभर टक्के बरोबर आहे, आणि नोकरीत रोज पाहिलेला आहे. खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदलं की त्याची सूचना आमच्याकडे येते. पूर्वी कागद यायचा, आता संगणकावर येते. त्यावरून तलाठी फेरफार धरतो, हितसंबंधितांना नोटीस काढतो, पंधरा दिवसांत तक्रार आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. खरेदीदाराची खबर या साखळीत कुठे लागतच नाही. म्हणून तर कायद्याने सूट दिली.

आणखी एक आधार जोडता आला असता. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ चं कलम ५४. शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावर मिळकतीची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते. त्यामुळे प्रश्नात 'नोंदणीकृत' शब्द नसता तरी आजच्या जमीन खरेदीला तीन महिने लावणं अवघड होतं. तो शब्द असताना तर वादच नाही. प्रश्न काढणाऱ्याने पहिलं वाक्य वाचलं, परंतुक वाचलं नाही.

कागलकर

म्हणजे तीन महिने लागू नाहीत म्हणायचं का? आमचा आज्जा वारून दोन वर्षं झाली. सातबाऱ्यावर अजून त्यांचंच नाव आहे. चुलते म्हणतात मुदत गेली, आता वारस नोंद होत नाही. मग मी पण परंतुक दाखवू का?

निवृत्त मंडळ अधिकारी, भुदरगड

दादा, तुमचं प्रकरण वेगळं. वारसाने हक्क आला तिथे नोंदणीकृत दस्त नसतो, म्हणून सूट नाही, खबर द्यावीच लागते. पण तीन महिने उलटले म्हणून वारसाचा हक्क जात नाही आणि नोंदही अडत नाही. मृत्यूचा दाखला आणि सगळ्या वारसांच्या नावांसह अर्ज द्या. आधी गाव नमुना ६-क ला वारसांची नोंद होईल, मग फेरफार. चुलत्यांची नावं गाळू नका, नाहीतर तिथेच तक्रार उभी राहील. आता तलाठ्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, फलक बघून गोंधळू नका.

पोलीस भरती, दुसरा प्रयत्न

माझी हरकत फेटाळली गेली, तेही लिहितो. प्रश्न होता, सध्या लागू कायद्यानुसार चोरीची शिक्षा कोणत्या कलमात आहे. परीक्षा २०२४ च्या पावसाळ्यानंतरची. मी ३७९ निवडलं, तालिकेत ३०३ होतं. मी भारतीय दंड संहितेची झेरॉक्स लावली, तीन वर्षांपर्यंत कैद वगैरे रंगवून दाखवलं, वर लिहिलं की जुन्या गुन्ह्यांचे खटले अजून ३७९ खालीच चालतात.

ते खरं आहे. १ जुलै २०२४ च्या आधी घडलेल्या चोरीला जुनाच कायदा लागतो. पण प्रश्नात 'सध्या लागू' होतं, आणि त्या तारखेपासून भारतीय न्याय संहिता आली, त्यात चोरी ३०३. माझी झेरॉक्स खरी होती, पण रद्द झालेल्या कायद्याची. पुस्तक २०२१ चं होतं, मी पहिलं पान उलटून वर्ष बघितलंच नाही. शंभर रुपयांचं काही नाही, पण सात दिवस त्याच आशेवर घालवले आणि मैदानी सराव सोडला.

शाहूपुरी

माझी तर वाचली गेली की नाही तेच माहीत नाही. ऑनलाइन परीक्षेत प्रत्येकाला प्रश्न वेगळ्या क्रमाने येतात. मी मजकुरात "प्रश्न क्र. ४७" लिहिलं. माझ्या पडद्यावर ४७ होता, दुसऱ्याच्या पडद्यावर १२ असेल. उत्तरपत्रिकेत प्रत्येक प्रश्नाखाली लांबलचक Question ID असतो, तो लिहायला हवा होता. माझी जोडलेली कागदपत्रं बरोबर होती, माहिती अधिकार अधिनियमाचं पान होतं. पण दुसऱ्या प्रश्नाशी ते जुळवून कुणी का बघेल?

कसबा बावडा, वकिली

धागाकर्तीच्या खुपण्याबद्दल. मीही पूर्वी परीक्षा दिल्यात, म्हणून सहानुभूती आहे, पण माझं मत मंडळ अधिकारी साहेबांपेक्षा वेगळं आहे. प्रश्न "किती मुदतीत द्यावी" असा विचारलाय. म्हणजे द्यावी लागते हे त्यात गृहीत धरलंय. तज्ज्ञ म्हणू शकतो की प्रश्नाची रचनाच सदोष आहे, म्हणून रद्द. मला पर्याय ४ जास्त पटतो, तरी रद्द करणं अगदी निराधार आहे असं म्हणवत नाही.

न्यायालयात जायचं कुणाच्या मनात असेल तर दोन निवाडे आधी वाचा. कानपूर विद्यापीठाच्या १९८३ च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की तालिका बरोबर आहे असंच धरायचं, चूक आहे हे उघड दिसलं तरच हात घालायचा. २०१८ मध्ये रणविजय सिंह प्रकरणात पुढे सांगितलं की शंका असेल तर फायदा परीक्षा घेणाऱ्याला. लांबलचक तर्क करून चूक दाखवावी लागत असेल, तर ती उघड चूक नव्हे. बाईंची पाच वाक्यं त्या कसोटीला टिकली असती, कारण कलम उघडलं की ओळ समोर दिसते. पण तालिकेत चुकीचं उत्तर राहिलेलंच नाही, प्रश्न निघून गेलाय, तेव्हा मागणार काय?

आणि कोल्हापुरात ऑगस्ट २०२५ पासून सर्किट बेंच आलं म्हणून थेट भाऊसिंगजी रोडवर धावू नका. राज्य सेवेतल्या भरतीचा वाद आधी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात जातो, आणि त्यासाठी आपल्याला मुंबईच गाठावी लागते.

राजारामपुरी, नववी गल्ली

वकील साहेब, "द्यावी" हे गृहीत आहे म्हणता, मग "बंधन नाही" हा पर्याय त्यांनीच कशाला ठेवला? ज्याने तो पर्याय लिहिला त्याच्या डोक्यात परंतुक असणारच.

कसबा बावडा, वकिली

हा मुद्दा चांगला आहे. हरकतीत हवा होता.

गारगोटी

माझी खिडकी परवा संध्याकाळी बंद होते. प्रश्न ग्रामपंचायतीवर आहे, आणि माझ्याकडे आधार म्हणून क्लासचं पुस्तक आहे, त्यात पान नंबरसकट दिलंय. चालेल का?

निवृत्त मंडळ अधिकारी, भुदरगड

पुस्तक नको. त्याच लेखकाने चूक केली असेल तर? अधिनियमाची अद्ययावत प्रत घ्या, १९५८ चा आहे आणि त्यात बऱ्याच सुधारणा झाल्यात. कलमाखाली बारीक अक्षरात सुधारणेचं वर्ष असतं ते बघा. कलम संपेपर्यंत वाचा, परंतुकांसह. परंतुक तुमच्या विरुद्ध निघालं तर शंभर रुपये वाचवा.

गारगोटी

बघितलं. कलमात २०१७ नंतर बदल आहे, पुस्तक त्याआधीचं निघालं. माझा पर्याय नव्या मजकुराशी जुळतोय असं वाटतं, पण एक उपकलम नीट लागत नाही. सकाळी बसस्टँडजवळ प्रिंट काढतो आणि कलमाचा फोटो इथे टाकतो. साहेब, दुपारपर्यंत बघाल का?