निबंधावरचे शेरे पुढच्या निबंधाला कामाला येतात का?

रेवा: एस.वाय.बी.ए.ला आहे. '१८७५च्या दख्खनच्या दंग्यांना सावकार कितपत जबाबदार होते?' या निबंधाला २० पैकी ९ मिळाले. मॅडमचे शेरे तीन: 'सावकार आधीही होते. मग १८७५लाच का?', 'हे कोण म्हणतं?' आणि शेवटी 'वर्णन जास्त, विश्लेषण कमी'. पुढचा निबंध '१८५७च्या उठावाला काडतुसं कितपत कारणीभूत होती?' असा आहे. विषयच बदलला, मग या शेऱ्यांचं करायचं काय?

गणेश_सातारा: काही करू नकोस. पहिला शेरा दंग्यांबद्दल आहे, तो तिथेच संपला. तिसरा इतका मोघम आहे की कुणाच्याही पेपरवर लिहिता येईल. तो वेळ १८५७च्या वाचनाला दे. माहिती भरपूर असली की विश्लेषण आपोआप येतं.

माधुरीताई: गणेश, तिसऱ्या शेऱ्याबद्दल पटलं, बाकी नाही. रेवाकडे माहितीची वाण दिसत नाही.

रेवा, तुझा परिच्छेद बहुधा असा असेल: सावकार जबर व्याज घेत, हिशेबात फसवत, जमिनी बळकावत, म्हणून १२ मे १८७५ला सुप्यात लोकांनी वह्या आणि कर्जरोखे जाळले. यात चूक काही नाही. पण ही गाऱ्हाणी जुनीच होती, त्यामुळे तो 'म्हणून' अधांतरी राहतो. मॅडम तेच विचारतायत: त्या वर्षांत बदललं काय?

अमेरिकेत १८६१ला यादवी युद्ध पेटलं, आपल्याकडच्या कापसाला भाव आला आणि सावकार सढळ हाताने कर्ज देऊ लागले. १८६५ला युद्ध संपलं, पुढे भाव उतरले, तसा सावकारांनी हात आखडला. त्याच सुमारास नव्या जमाबंदीत सारा ५० ते १०० टक्क्यांनी वाढला. पैशाची नड वाढली आणि कर्जाची वाट बंद झाली, दोन्ही एकदमच. आता 'कितपत'ला उत्तर देता येतं: राग सावकारावर निघाला, पण कुणब्याला त्याच्या दारात कोंडण्यात सरकारी साऱ्याचाही वाटा होता.

एवढा एकच परिच्छेद नव्याने लिहून बघ. अख्खा निबंध नको.

विक्रम७१: फेरतपासणीचा अर्ज केलास का? माझ्या पुतण्याचे त्यात ४ गुण वाढले होते.

रेवा: काका, गुणांबद्दल तक्रार नाही. ताई, 'हे कोण म्हणतं?' हा शेरा 'दंग्यांना सावकारच जबाबदार होते' या वाक्यावर आहे. ते मी दंगे चौकशी आयोगाच्या निष्कर्षावरून लिहिलं होतं.

माधुरीताई: मग शेरा अगदी नेमका आहे. साऱ्यामुळे दंगे झाले का, हे आयोगाला मुद्दाम तपासायला सांगितलं होतं आणि त्याने सरकारी साऱ्याला दोषमुक्त केलं. आयोग सरकारनेच नेमलेला! म्हणून अहवाल टाकून द्यायचा नाही, त्यातल्या शेतकऱ्यांच्या जबान्या फार मोलाच्या आहेत. पण निष्कर्ष कोणाचा आणि त्याला तसं म्हणणं का सोयीचं होतं, हे त्याच वाक्यात यायला हवं.

१८५७ला हेच दोन प्रश्न लाव, उत्तरं वेगळी निघतील. काडतुसांची तक्रार नवीच होती, त्यामुळे 'तेव्हाच का' याचं उत्तर बऱ्यापैकी मिळतं. अडतं ते पुढे. काडतुसांशी संबंध नसलेले अवधचे तालुकदार आणि शेतकरी का उठले? तिथे फेब्रुवारी १८५६मध्ये अवध खालसा झालं ते आणावं लागेल. आणि 'हे नुसतं शिपायांचं बंड' असं लिहिलंस तर ते कोण म्हणत होतं तेही सांग, कारण बऱ्याच इंग्रज अधिकाऱ्यांना तसंच म्हणायचं होतं.

गणेश_सातारा: हे घरी लिहायच्या निबंधाला ठीक. परीक्षेत अर्ध्या तासात एवढी उलटतपासणी कोण करणार? शिवाय दुसरे सर आले की त्यांना आणखी काही वेगळं हवं असतं. आमच्या वेळी एकाला तारखा हव्या असत, दुसऱ्याला इतिहासकारांची नावं.

माधुरीताई: माणसागणिक आवड बदलते, खरंय. म्हणून 'इतिहासकारांची नावं घाला' असा शेरा असता तर मीही तो त्या सरांपुरताच धरला असता. हे दोन तसे नाहीत. परीक्षेतल्या वेळेचं मात्र माझ्याकडे चोख उत्तर नाही. मुलींना मी एवढंच सांगते: प्रत्येक परिच्छेदाचं शेवटचं वाक्य तेवढं वाचा. 'सुप्यात वह्या जाळल्या' असा शेवट असेल तर परिच्छेद गोष्टीतच थांबला, प्रश्नापर्यंत आलाच नाही.

रेवा: आणि तिसरा शेरा?

माधुरीताई: सुधारलेला परिच्छेद घेऊन मॅडमकडे जा. 'विश्लेषण कसं करू' असं विचारू नकोस, 'यात वर्णन कुठल्या वाक्यापर्यंत आहे' ते विचार. त्या बोट ठेवून दाखवतील.

गणेश_सातारा: दाखवायला त्यांना वेळ असला तर. ऐंशी मुलांचा वर्ग असतो, ताई. मी अजूनही म्हणेन, आधी अवधवरचं वाचन पुरं कर.