आई-बाबांचं पिवळं कार्ड: जाताना नको, येताना हवं?

मीनल (नैरोबी, माहेर फोंडा), 8 डिसेंबर

नमस्कार मंडळी,
आई-बाबा 16 तारखेला मोपावरून दुबईमार्गे इकडे येतायत, परत 8 जानेवारीच्या रात्रीचं विमान. तिकिटं काढून झाली आणि काल शेजारच्या बाईंनी विचारलं, यलो फीवरचं इंजेक्शन घेतलं का त्यांनी? मी गारच. मला माझं आठवतं, 2013 ला इथे आले तेव्हा घेतलं होतं, पण आई-बाबा फक्त तीन आठवड्यांसाठी येतायत. शिवाय कुणीतरी म्हणालं की इंजेक्शन घेऊन दहा दिवस झाल्याशिवाय त्याचं पिवळं कार्ड चालत नाही, मग 16 च्या आत दहा दिवस उरलेच कुठे? तिकिटं पुढे ढकलायची का? आई 66, बाबा 71. बाबांना आमवाताच्या गोळ्या चालू आहेत, आठवड्यातून एकदाची मेथोट्रेक्सेट. कुणी हल्लीच गेलं-आलं असेल तर सांगा.

प्रमोद (पर्वरी), 8 डिसेंबर

मीनल, अजिबात घाबरू नकोस. भारतातून केनियाला जाणाऱ्याला केनिया यलो फीवरचं काही विचारत नाही, भारतात तो रोगच नाही. आम्ही दोघं मागच्या वर्षी मसाई मारा करून आलो, इंजेक्शन नाही, कार्ड नाही, कुणी हूं की चूं केलं नाही. उगाच म्हाताऱ्या माणसांना सुया टोचू नका. बाबांना म्हणावं जाड स्वेटर घ्या, माराला पहाटे कडाक्याची थंडी असते.

सुहास (नैरोबी), 8 डिसेंबर

प्रमोदजी, ती जायचं नाही, परत यायचं विचारतेय. केनिया भारताच्या यलो फीवरवाल्या देशांच्या यादीत आहे त्यामुळे परत येताना कार्ड लागतंच. पण माझ्या मते नैरोबीपुरतं राहिलात तर चालून जावं कारण नैरोबी आणि मोंबासात यलो फीवर नाहीच, फक्त शहरातच फिरणाऱ्यांना हे इंजेक्शन सहसा सुचवतही नाहीत, मी हे नीट वाचलंय. आणि मीनल, तुझं 2013 चं कार्ड आता संपलं बघ, दहा वर्षांचंच असतं, बूस्टर घे.

शिरीषकाका (सडा, वास्को), 9 डिसेंबर

सुहास, वाचलंस ते बरोबर पण जोडलंस चुकीच्या ठिकाणी. नैरोबीत इंजेक्शन सहसा सुचवत नाहीत हा झाला प्रवाशाच्या तब्येतीचा सल्ला. भारत तब्येत नाही, देश बघतो. पासपोर्टवर केनियाचा शिक्का म्हणजे केनिया, मग तू माराला गेलास की वेस्टलँड्सच्या मॉलमध्ये बसून राहिलास, हेल्थ काउंटरवरच्या माणसाला कळणार कसं. आणि आपल्याकडे एवढी कडकाई का तेही लक्षात घ्या, हा रोग पसरवणारा एडिस डास, तोच डेंगीवाला, तो आपल्या परसात नारळाच्या करवंटीत हवा तेवढा आहे. रोग मात्र आजवर आशियात पसरलेला नाही आणि इथे कुणाच्या अंगात त्याची प्रतिकारशक्ती नाही. एक तापाचा माणूस आला आणि त्याला सड्यावरचा एक डास चावला की झालं.

दहा वर्षांचं म्हणशील तर ते 11 जुलै 2016 पासून संपलं. त्या दिवसापासून एकदा घेतलेलं इंजेक्शन जन्मभर चालतं, जुनी कार्डंसुद्धा, मग आत दहा वर्षांची तारीख छापलेली असली तरी. मी 28 वर्षं बोटीवर काढली, पहिल्या कार्डावर तीनदा टोचून घेतलंय, त्यातले शेवटचे दोन फुकटचे म्हणायचे. मीनल, तू बूस्टर घेऊ नकोस. मधे पासपोर्ट बदलला असेल तर जुना बरोबर ठेव, कार्डावर त्याचा नंबर असतो.

आता दहा दिवसांचं. ते 16 तारखेपर्यंत मोजायचेच नाहीत! जाताना कुणाला कार्ड दाखवायचंय? मोजायचं ते भारतात परत उतरायच्या दिवसापर्यंत. आईंनी समजा 13 ला घेतलं तर 23 पासून कार्ड चालू, आणि त्या उतरणार 9 जानेवारीला. तिकिटं ढकलू नकोस. माराला जाणार असतील तर मात्र ते 23 नंतर ठेव, अंगात ताकद यायलाही तेवढाच वेळ लागतो.

गोव्यात आपल्याकडे सड्यावर मुरगावच्या पोर्ट हेल्थ ऑफिसात देतात, आम्ही तारवटी सगळे तिथलेच. आधी फोन करून वार विचारा. एका बाटलीत बऱ्याच जणांचे डोस असतात आणि फोडली की सहा तासांत संपवायची, नाहीतर फेकायची, म्हणून ते माणसं जमवून ठराविक वारीच देतात. असा कधीही जाऊन हात पुढे केला असं नाही. मूळ पासपोर्ट न्या, काहीतरी खाऊन जा, टोचल्यावर अर्धा तास बसवून ठेवतात. कार्ड हातात आलं की तिथेच उभं राहून वाचा: नाव पासपोर्टसारखंच आहे ना, तारीख, बॅच नंबर, डॉक्टरची सही, केंद्राचा शिक्का. आणि स्वतःची सही. तीच लोक विसरतात. खाडाखोड असेल तर नवीन कार्ड मागा, खोडलेलं कार्ड रद्द धरतात.

बाबांचं वेगळं आहे, त्यावर डॉक्टरनेच बोलावं.

नंदामावशी (म्हापसा), 9 डिसेंबर

मीनल बाळा, आमच्या घरचं सांगते मग ठरव. माझा भाऊ किसुमूला असतो. माझ्या मुलीचं लग्न होतं 21 डिसेंबरला म्हापशाला, आणि मामा तोच एक. कार्ड कुठेतरी हरवलेलं म्हणून त्याने परत टोचून घेतलं 12 तारखेला, 17 ला रात्री निघाला, 18 ला मुंबईत उतरला. नैरोबीत चेक-इनवाल्या मुलीने कार्ड उघडून बघितलं, आहे ना, जा. तारीख कोण बघतो. मुंबईत हेल्थवाल्यांनी बघितली. 12 अधिक 10 म्हणजे 22. आज 18. चला बाजूला.

त्याने सांगून बघितलं की मला काही ताप नाही, भाचीचं लग्न आहे. ते म्हणाले साहेब नियम असा आहे की केनिया सोडल्यापासून सहा दिवस, म्हणजे 23 पर्यंत, नाहीतर कार्ड चालू होईपर्यंत, म्हणजे 22, दोन्हीतलं जे आधी ते. म्हणजे त्यांनी खरं तर एक दिवस वाचवूनच दिला म्हणायचं! चार रात्री एका खोलीत, खिडक्यांना बारीक जाळी, पलंगाला मच्छरदाणी, सकाळ-संध्याकाळ ताप बघायचे. वागले चांगलं. पण 21 ला भटजींनी मामा मुलीला घेऊन या म्हणून पुकारा केला आणि आमच्याकडे मामा फोनच्या पडद्यावर, मागे पांढरी मच्छरदाणी. मुलीला शेवटी माझ्या दिराने आणलं. मला अजून त्या फोटोंत बघवत नाही. 22 ला सोडला, संध्याकाळी घरी पोचला, तोवर सोऱ्यातल्या चकल्यासुद्धा संपलेल्या.

प्रमोद (पर्वरी), 9 डिसेंबर

हे सगळं वाचून बायको म्हणतेय मग आपल्याला का नाही धरलं? आम्ही नैरोबीहून दुबईला मुलीकडे आलो, आठ दिवस राहिलो आणि तिथून दाबोळीला.

शिरीषकाका, 9 डिसेंबर

प्रमोद, तुझं उत्तर तूच दिलंस. सहा दिवस मोजतात ते यादीतला देश सोडल्यापासून. ताप यायचाच तर चावल्यापासून तीन ते सहा दिवसांत येतो, तुम्ही दुबईत आठ काढलेत, म्हणून तुम्ही सुटलात. नुसतं दुबईत विमान बदललं असतं तर सुटला नसता, लोकांना वाटतं दुबईहून उतरलो म्हणजे दुबईचेच झालो. मागच्या सहा दिवसांत कुठे होता ते विचारतात.

डॉ. वर्षा (मडगाव), 10 डिसेंबर

मीनल, जरा उशीर झाला, ओपीडी होती. आईंचं आधी. 60 च्या पुढे आयुष्यात पहिल्यांदा हे इंजेक्शन घेताना धोका थोडा जास्त असतो, फार क्वचित पण गंभीर. ते टाळायचंच असं नाही, पण त्यांना बघणाऱ्या डॉक्टरशी बोलून घ्या, अंड्याची मोठी ॲलर्जी नाही ना तेही विचारा.

बाबांनी मात्र घेऊ नये असंच मी म्हणेन. या लसीत जिवंत विषाणू असतो, अशक्त केलेला पण जिवंत, आणि आमवाताचं औषध प्रतिकारशक्ती दाबून ठेवतं. आणि कृपा करून प्रवासासाठी गोळ्या चार आठवडे बंद करू असं घरच्या घरी ठरवू नका, माझ्याकडे एक आजोबा तसं करून दोन्ही गुडघे सुजवून आले होते.

तर बाबांसाठी वैद्यकीय कारणाचं सवलतीचं पत्र घ्यावं लागेल. नुसतं आपल्या डॉक्टरच्या लेटरहेडवर नको, लस देणाऱ्या केंद्रातून करून घेतलेलं बरं.

सुहास, 10 डिसेंबर

पण पत्र असलं तरी आत ठेवतातच असं ऐकलंय. पत्र म्हणजे फक्त एवढंच की का घेतलं नाही, अंगात लस तर नाहीच ना.

शिरीषकाका, 10 डिसेंबर

सवलत नियमात आहे, दीर्घ आजाराच्या माणसाला. पण शेवटी त्या वेळी काउंटरवर बसलेला हेल्थ ऑफिसर काय म्हणेल त्यावर. माझ्या बरोबरच्या दोघांचे दोन वेगळे अनुभव आहेत, एकाला पत्र बघून सोडला, एकाला ठेवला. सुहास या वेळी अर्धा तरी बरोबर आहे.

मी असतो तर प्रमोदचा रस्ता धरला असता. 8 जानेवारीच्या रात्री निघाले, 9 ला दुबई, आणि गोव्याचं विमान 16 चं. हिशेबाने 14 ला सहा दिवस होतात, पण तास मोजत बसणाऱ्यापुढे दोन दिवस हाताशी असलेले बरे. त्यासाठी दुबईतून बाहेर पडायचा व्हिसा हवा. आणि नैरोबी-दुबईचा बोर्डिंग पास फेकू नका, कारण दुबईत हल्ली शिक्का पडेलच असं नाही आणि सहा दिवस झाले हे कागदावर दाखवायला तोच एक पुरावा.

मीनल, 11 डिसेंबर

सगळ्यांना किती धन्यवाद म्हणू. बाबांच्या डॉक्टरांनी फोनवर वर्षाताईंचंच म्हणणं सांगितलं, लस नको. आईंना घ्यायला हरकत नाही म्हणाले. फोन केला तर वार मिळाला, उद्याच सड्याला जायचंय, बाबांच्या पत्राचंही तिथेच विचारते म्हणालीय आई. दुबईत माझी मामेबहीण आहे, तिला कळवलंय, ती खूश आहे पण बाबा नाहीत. म्हणतात आठवडाभर कुणाच्या घरी पाहुणा होऊन बसण्यापेक्षा मी मुंबईला मच्छरदाणीत बसेन, निदान तिथे कुणी मॉल बघायला नेणार नाही. आई म्हणते मी एकटी पुढे जाणार नाही. अजून वाद चालू आहे.

नंदामावशी, 11 डिसेंबर

बाबांना म्हणावं त्या मच्छरदाणीत टीव्हीसुद्धा नव्हता.